भिंतीला तडा गेला, किरायाचं घर दंड न भरता कसं सोडावं?

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचा धक्का शेजारच्या वाशिम जिल्ह्यातही जाणवला. त्याआधी २१ मार्चला सकाळी सहानंतर दहा-बारा मिनिटांच्या अंतराने असेच दोन धक्के बसले होते, पहिला ४.५ चा आणि दुसरा ३.६ चा. असा धक्का बसला की माणसं पहिल्यांदा आपल्या भिंतींकडे नीट बघतात. ज्याचं स्वतःचं घर असतं तो गवंड्याला बोलावतो. किरायदार मात्र घरमालकाला फोन करतो आणि बहुतेक वेळा त्याला एकच उत्तर मिळतं: "प्लास्टर आहे हो ते, पुट्टी भरून देतो." ज्यांना १९९३ ची किल्लारी आठवते, त्यांना एवढ्या उत्तरावर रात्री झोप लागत नाही.

मग घर सोडायचा विचार येतो आणि करारातली लॉक-इनची अट आडवी येते. अशा वेळी बहुतेक किरायदार सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात. "आम्हाला भीती वाटते, आम्ही घर सोडतो, अनामत परत द्या" असं म्हटलं की घरमालकाला त्यात भीती दिसत नाही, पैसे बुडवायचा बहाणा दिसतो. खरं म्हणजे पहिली मागणी घर सोडण्याची नसावी, तपासणीची असावी. घर सोडायचं की नाही हे तपासणीच्या निकालाला बांधून ठेवलं, तर दंड माफ करायला घरमालकाला कारण मिळतं आणि उद्या वाद वाढलाच तर तुमच्या हातात कागद असतो.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, वाशिम शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये एक शिक्षक कुटुंब किरायाने राहतं. करार १ मे २०२४ पासून अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. किराया महिना ७,००० रुपये, अनामत २०,००० रुपये, लॉक-इन सहा महिने, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत. त्याआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचा किराया दंड म्हणून द्यायचा. भूकंपानंतर दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरका गेलेला तडा त्यांना दिसतो. जुलैअखेर घर सोडायचं ठरवलं तर तीन महिन्यांचे २१,००० रुपये दंड बसतो. सगळी अनामत गेली आणि वरून हजार रुपये द्यायचे, असा हिशेब होतो.

पहिल्या दिवशी करायचं काम अगदी साधं आहे. तडा जिथे संपतो तिथे दोन्ही टोकांना भिंतीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. तडा पुढे सरकला तर रेघेच्या पलीकडे गेलेला दिसेल. रुंदी बघायला एटीएम कार्ड पुरतं. त्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. कार्डाची कड तड्यात सहज शिरली, तर तडा एक मिलिमीटरच्या आसपास पोचला असं धरा. भारतीय मानक ब्युरोच्या तड्यांवरच्या पुस्तिकेत एक मिलिमीटरपेक्षा कमी तडा बारीक, एक ते दोन मध्यम आणि दोनच्या वरचा रुंद मानला आहे. स्टीलची पट्टी तड्याला लावून फोटो काढा. एक फोटो जवळून घ्या आणि एक अख्खी खोली दिसेल असा लांबून. हेच काम दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच वेळेला करा. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे बाहेरून, त्याच रेषेत तडा आहे का हे बघायला विसरू नका. आत-बाहेर दोन्हीकडे असेल तर तो नुसत्या प्लास्टरचा नाही.

त्यानंतर टॉर्च तिरकी धरून तड्याच्या आत बघा. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच सापडते. नवा तडा आतून स्वच्छ असतो, कडा धारदार असतात, विटेचा किंवा सिमेंटचा ताजा रंग दिसतो. जुन्या तड्यात धूळ असते, जाळं असतं आणि कधीकधी भिंतीचा रंग आत उतरलेला असतो. रंग आत गेला याचा अर्थ तो रंग दिला तेव्हा तडा तिथे होताच. काही ठिकाणी जुन्या पुट्टीची पांढरी पट्टी मधोमध फाटलेली दिसते. म्हणजे तडा आधी कोणीतरी बुजवला होता आणि तो पुन्हा उघडला. आपल्या उदाहरणातल्या शिक्षकांना अशीच फाटलेली पुट्टी दिसते. तिचा जवळून फोटो काढून ठेवणं गरजेचं, कारण घरमालकाचा माणूस येऊन नवी पुट्टी भरून गेला की हा पुरावा कायमचा पुसला जातो. म्हणून तपासणी होईपर्यंत तडा बुजवू देऊ नका. नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

फाटलेल्या पुट्टीला एवढं महत्त्व कशासाठी, ते कायद्यात आहे. आपल्याकडचे बहुतेक घरकिरायाचे करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात आणि त्यांना १८८२ चा सुविधाधिकार कायदा लागू होतो. त्याच्या कलम ५७ नुसार, घरात राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष घर देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणं घर देणाऱ्यावर बंधनकारक आहे. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये जवळपास हेच बंधन आहे. बुजवलेला तडा म्हणजे घरमालकाला दोष माहीत होता हे दाखवणारी गोष्ट. पण कलम ५७ वाचून लगेच दंड माफ झाला असं समजू नका. त्यात दंडाबद्दल एक शब्दही नाही. शिवाय तो तडा धोकादायक होता हे वेगळं दाखवावं लागतं, आणि ते फक्त जाणकाराचा अहवालच दाखवू शकतो.

दंडाच्या रकमेबद्दल दुसरा आधार भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो जसाच्या तसा मिळत नाही. त्या मर्यादेत जी वाजवी भरपाई ठरेल तेवढीच मिळते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात अनामत जप्त करण्याच्या बाबतीतही हे तत्त्व लावलं आणि नुकसान झालंच नसेल तर भरपाई नाही असं म्हटलं. आपल्या उदाहरणात एक ऑगस्टपासून दुसरा किरायदार आला, तर घरमालकाचं तीन महिन्यांचं नुकसान कुठलं? आणि घर दुरुस्तीसाठी रिकामंच ठेवावं लागणार असेल, तर ते शिक्षकांनी सोडल्यामुळे रिकामं राहिलं असं म्हणता येत नाही. हा मुद्दा घरमालकाशी बोलताना शांतपणे मांडला तर समजतो. वकिलाच्या भाषेत मांडला की माणूस हट्टाला पेटतो.

आता तडा कशाने गेला, हा प्रश्न. भूकंपानंतर दिसला म्हणून तो भूकंपानेच गेला असं नसतं. वाशिम जिल्ह्यातली मोठी घरवस्ती काळ्या मातीवर उभी आहे. उन्हाळ्यात वावरात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून येते, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. घराखालची मातीही हेच करते. पाया उथळ असेल तर दर वर्षी तो थोडा वर उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. सगळं घर एकसारखं हललं असतं तर बिघडलं नसतं. अडचण येते ती एक कोपरा जास्त ओला झाला की. मागच्या भिंतीला लागून न्हाणीघराचं पाणी मुरत असेल, शोषखड्डा पायाजवळ असेल, छताचं पावसाळी पाणी पाइपातून थेट पायाशी पडत असेल, तर तेवढाच कोपरा फुगतो आणि ताण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका फुटतो, कारण भिंतीत तीच जागा सगळ्यात नाजूक. पायाजवळचं मोठं झाड उन्हाळ्यात उलटं काम करतं. ते पाणी ओढून घेतं आणि कोपरा खाली बसतो.

म्हणून एकदा मोजून भागत नाही. मे महिन्यात उघडून ऑगस्टमध्ये मिटणारा तडा मातीबरोबर हलतो आहे. जो तडा नुसता उघडतच जातो, मिटत नाही, त्याची काळजी जास्त. छताच्या स्लॅबखाली आडवा जाणारा बारीक तडा बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब ताणल्याचा असतो. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली उभी रेघ दोन वेगळ्या वस्तूंच्या सांध्याची असते. प्लास्टरवरचं बारीक जाळं बहुधा सिमेंट लवकर वाळल्याचं. या तिन्हींवर घर सोडायची मागणी उभी केली तर ती पहिल्याच तपासणीत कोसळेल, हे आधी कळलेलं बरं.

काही खुणा मात्र वाट बघू देत नाहीत. कॉलमला किंवा बीमला तडा, सिमेंटचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसणं, भिंत पोटासारखी बाहेर येणं, कालपर्यंत लागणारं दार आज अचानक चौकटीत अडकणं, पेन्सिलीची रेघ एका रात्रीत ओलांडली जाणं. यातलं काही दिसलं तर पत्रव्यवहार नंतर. आधी त्या खोलीतून, गरज पडली तर घरातून, मुलाबाळांसह बाहेर पडा, घरमालकाला मेसेज करून वेळ नोंदवा आणि नगरपरिषदेला कळवा. तातडीच्या प्रसंगी ११२ आहेच. जीव वाचवायला घर सोडलं म्हणून किरायदाराची बाजू पडत नाही. फोटो न काढता आणि न कळवता सोडलं तर मात्र पडते.

तपासणी कोण करणार, इथे बरीच गफलत होते. ज्या ठेकेदाराने घर बांधलं त्याचं तोंडी मत म्हणजे तपासणी नव्हे. स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. शहरात ओळखीचा नसेल तर शासकीय तंत्रनिकेतनाच्या सिव्हिल विभागात किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात चौकशी करून नाव मिळवता येतं. घरमालकाला विचारा, पण खर्चाचा प्रश्न आडवा आला तर निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवा. एकवीस हजारांच्या दंडासमोर ती रक्कम बहुधा लहान ठरते, आणि दोघांच्या संमतीने आलेल्या इंजिनिअरचा अहवाल दोघांना मानावा लागतो. एकट्याने आणलेल्या अहवालावर समोरचा सहज शंका घेतो.

इंजिनिअर आला की त्याच्याकडून गोलमोल "घर ठीक आहे" असं घेऊ नका. त्याला नेमकं विचारा: तडा प्लास्टरचा की भिंतीचा? तो अजून हलतो आहे का? कॉलम, बीम आणि पाया यांना तो लागला आहे का? दुरुस्ती होईपर्यंत या घरात, या खोलीत राहणं सुरक्षित आहे का, आणि किती दिवस? शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोठा. इंजिनिअर हातोडीने ठोकून प्लास्टर पोकळ वाजतं का बघेल, शंका असेल तर तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवेल. तडा हलला की ती काच तुटते. उत्तरं लेखी हवीत, सही, शिक्का आणि तारखेसह.

शिक्षकांचं पत्र साधारण असं होईल:

"प्रति, श्री. …… (घरमालक), वाशिम. विषय: घराच्या भिंतीच्या तड्याची तपासणी आणि करार मुदतीआधी संपवण्याबाबत. स.न.वि.वि. आपल्या घरात आम्ही १ मे २०२४ च्या करारानुसार राहत आहोत आणि किराया आजपर्यंत वेळेवर दिला आहे. १२ जुलैला स्वयंपाकघराच्या खिडकीवर तिरका तडा दिसला. भिंतीच्या बाहेरच्या बाजूलाही तो आहे. तारखेसह फोटो सोबत जोडले आहेत. तड्यात आधी भरलेली पुट्टी फाटलेली दिसते. त्याबद्दल करार करताना आम्हाला सांगितलेलं नव्हतं. आमची विनंती अशी की, हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत दोघांना मान्य असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी. खर्चाचा निम्मा भाग आम्ही देऊ. तपासणीत राहणं सुरक्षित नाही असं ठरलं, तर करार लॉक-इनची रक्कम न आकारता संपवावा, आणि घर ताब्यात घेतल्यावर अनामत २०,००० रुपये परत करावी. घर सुरक्षित ठरलं, तर अहवालात सांगितलेली दुरुस्ती करून द्यावी. आम्ही कराराप्रमाणे राहू. तपासणी होईपर्यंत तडा बुजवू नये आणि ती खोली आम्ही वापरणार नाही. किराया नेहमीप्रमाणे देत राहू. आपला, ……"

यातली शेवटची ओळ काढू नका. रागाच्या भरात किराया थांबवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तेवढ्यावरून घरमालकाची बाजू भक्कम होते आणि तड्याचा विषय मागे पडतो. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअॅपवरही टाका. पोच पावती फाइलमध्ये लावून ठेवा.

दुरुस्ती स्वतः करून किरायातून वळती करता येते, असं कोणी सांगेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये ती सोय आहे खरी: नोटीस दिल्यावर १५ दिवसांत घरमालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. ७,००० रुपये महिन्याला ती मर्यादा २१,००० होते. मात्र हे कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. हा कायदा जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही, अनुसूचीत नाव असलेल्या गावांना आहे. आणि पायाशी संबंधित काम किरायदाराने अंगावर घेऊच नये. उद्या भिंत खचली तर ठपका त्याच्यावर येईल. त्याच कायद्याचं कलम ५५ मात्र पुष्कळांच्या उपयोगाचं आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तशी नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं धरलं जातं. तोंडी ठरलेल्या लॉक-इनचा दंड कोणी मागत असेल तर हे लक्षात ठेवा.

घरमालक पत्राला उत्तरच देत नसेल, तर सातव्या दिवसानंतर नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इथे नगरपरिषदा आहेत, मालेगाव आणि मानोऱ्यात नगरपंचायती. खेड्यात ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. "धोकादायक इमारतीची पाहणी करावी" एवढीच मागणी लिहा, फोटो जोडा आणि आवक क्रमांक घ्या. पाहणी करून मालकाला नोटीस देणं हे त्यांचं काम. अनामत मिळवून देणं त्यांच्या हातात नाही. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल होण्याआधीच दोघांना बोलावून समझोता घडवायची सोय तिथे आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० आहे.

आपल्या उदाहरणात पुढे असं होतं, असं धरू. २२ जुलैला इंजिनिअर येतो. दहा दिवसांत तडा पेन्सिलीच्या रेघेपलीकडे बोटभर सरकला आहे आणि दोन मिलिमीटरच्या पुढे गेला आहे. कॉलम शाबूत आहेत, पण मागचा कोपरा न्हाणीच्या पाण्याने फुगतो आहे, स्वयंपाकघर वापरू नये आणि दुरुस्ती पावसाळ्यानंतरच टिकेल, असं तो लिहून देतो. भूकंपाने जुना तडा उघडला असेल, पण मूळ कारण पाणी आहे. इथे घरमालक विचारणारच, की पाणी तुम्हीच सांडलं ना? न्हाणीचा पाइप करारापूर्वीपासून तिथेच निघतो, हे दाखवणारा एक बाहेरचा फोटो त्या वेळी कामाला येतो. स्वयंपाकघराशिवाय तीन महिने राहायला सांगणं घरमालकालाही पटत नाही. दोघं ३१ जुलै ठरवतात.

त्या दिवशी दोन प्रतींत एक साधा समजुतीचा लेख करावा: करार आजपासून परस्पर संमतीने संपला, लॉक-इनची कोणतीही रक्कम बाकी नाही, अनामत अमुक तारखेला बँकेतून परत केली. वीज मीटरचं रीडिंग, चाव्यांची संख्या आणि प्रत्येक खोलीचा फोटो त्यात नोंदवावा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. करार नोंदवलेला असेल तर नोंदणी क्रमांकही लिहावा. चावी अनामत खात्यात जमा झाल्यावर द्यावी, किंवा त्याच बैठकीत दोन्ही व्हावं. इंजिनिअरच्या अहवालाची एक प्रत घरमालकाकडे द्यावी आणि ती मिळाल्याची सही घ्यावी. तो दोष आता घरमालकाच्या माहितीचा भाग झाला आहे, त्यामुळे पुढच्या किरायदाराला तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे.